वाक्याच्या शेवटी बसलेला रदीफ

गझलेच्या धर्तीवर मराठी गाणे बांधायचे तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. दर दोन ओळींचा शेर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे आणि प्रत्येक शेराच्या शेवटी तोच शब्द परत आला पाहिजे. हा परत येणारा शब्द म्हणजे रदीफ, आणि त्याच्या आधी येणारे यमक म्हणजे काफिया. गझल अरबस्तानातून आली हे सगळेच सांगतात, पण तिथल्या जुन्या कवितेत रदीफ नव्हता. काफियावरच ओळ संपायची. रदीफ रुळवला तो फारसी कवींनी.

का, याचे उत्तर वाक्यरचनेत सापडते. अरबी वाक्यात क्रियापद बहुधा आधीच येऊन जाते. फारसीत ते शेवटी येते, उर्दूत शेवटी येते आणि मराठीतही. ज्या भाषेत प्रत्येक वाक्य ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’वर टेकते, तिथे ओळीच्या टोकाला तोच शब्द पुन्हा पुन्हा येणे ही कसरत उरत नाही. बोलण्याची रीतच तशी असते. म्हणून रदीफ मराठीत पाहुणा वाटला नाही, हे या लेखाचे म्हणणे.

यावर आक्षेप आहे. इंग्रजीत क्रियापद शेवटी येत नाही, तरी आगा शाहिद अलींनी रदीफ सांभाळून इंग्रजी गझला लिहिल्या. पण त्यांनी शेवटी काय ठेवले ते बघावे. ‘आज रात्री’, ‘अरबीत’ अशा अर्थाचे, क्रियापदानंतर आरामात बसणारे शब्द त्यांनी निवडले. जागा भाषेने दाखवली तिथेच रदीफ बसला. आक्षेपाने तर्क मोडत नाही, उलट बळकट होतो.

दुसरा पक्ष अभंगाचा. जनाबाई गंगाखेडची, नामदेवांचे नरसी १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. तेव्हा परभणीच्या कानाला परत येणारी ओळ काही नवी नाही, मग रदीफ म्हणजे आपलेच ध्रुपद का म्हणू नये? मोह पडतो खरा. पण ध्रुपद ही अख्खी ओळ असते, ती कडव्यांच्या बाहेर उभी राहते आणि सगळ्या कडव्यांना एकाच भावाकडे ओढते. रदीफ ओळीच्या पोटात असतो आणि फक्त नाद बांधतो. अर्थाला तो मोकळे सोडतो. सुट्या शेराची सवय शोधायचीच असेल तर ती जात्यावरच्या ओवीत जास्त सापडते. एक ओवी भावाची, पुढची पावसाची, आणि दोन्ही एकाच गळ्यावर.

गझल आणि मराठी गाणे यांची सरमिसळ कीर्तनात झाली असावी. मराठीतली पहिली गझल म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती अमृतरायांची. ते कटाव रचणारे कीर्तनकार, १६९८ ते १७५३ या काळातले आणि औरंगाबादेत राहिलेले. त्याच शहरात त्याच काळात सिराज औरंगाबादी गझला लिहीत होते. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही, पण एकाच शहराच्या हवेत वाढलेली चाल एका कानातून दुसऱ्या कानात जायला भेट लागत नाही. पुढे माधव जूलियनांनी १९३३च्या ‘गज्जलांजली’त गझलेला मराठी शिस्त लावली, सुरेश भटांनी ती घराघरांत नेली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. परभणीकडे मात्र १९४८पर्यंत निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा-कचेऱ्यांत होती, आणि फेब्रुवारीतल्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली आजही ऐकू येते. इथल्या माणसाला रदीफ आधी ऐकू आला, त्याचे नाव नंतर कळले.

आता प्रत्यक्ष बांधणी. वृत्त भुजंगप्रयात घेऊ, कारण ‘मनाचे श्लोक’ त्याच चालीवर आहेत आणि फारसीतल्या मुतकारिबची पूर्ण मापाची ओळही हीच: लघु, गुरू, गुरू असे चार वेळा. रदीफ ‘निघाले’ ठेवला तर चौथा गण आपोआप भरतो. काफिया ‘आरी’चा. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींना रदीफ लागतो:

कुणी आज घेऊन वारी निघाले
कुणी फेडुनी ती उधारी निघाले

दुसरी ओळ मापात बसते, पण ‘ती’ कशासाठी आहे? मात्रा भरायला. भरतीचा शब्द ओळखायची सोपी खूण अशी की तो काढून ओळ साधी बोलून पाहावी. अर्थ जराही हलला नाही तर शब्द फुकट. शिवाय उधारी फेडून कोणी निघत असेल तर त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. ओळ अशी फिरवली:

न फेडीत कोणी उधारी निघाले

आता एकही अक्षर बसून नाही, आणि वारीला जाणारा व वाण्याला चुकवून जाणारा एका शेरात समोरासमोर आले. पुढचे शेर:

ढगांचा भरोसा कसा मी धरावा
पहाटेस आले, दुपारी निघाले

नदी आटली, राहिली फक्त वाळू
तिला पूजणारे शिकारी निघाले

मतल्यात ‘निघाले’ म्हणजे वाटेला लागले, ढगांच्या शेरात निघून गेले, नदीच्या शेरात ‘ठरले’. शब्द तोच राहून अर्थ सरकला की रदीफ ओझे होत नाही. दोन्ही शेरांचा एकमेकांशी संबंध नाही, क्रम बदलला तरी चालतो. मात्र शेराची पहिली ओळ गाताना दोनदा घ्यावी. दुसरीचा शेवट ऐकणाऱ्याने आधीच ओळखलेला असतो आणि काफिया येताच तो ‘निघाले’ आपल्याबरोबर म्हणतो. मग मतल्याची दुसरी ओळ ध्रुपदासारखी परत घ्यावी. अभंगावर वाढलेल्या साथीदारांना ही जागा सांगावी लागत नाही.

आणि इथेच मराठीची अडचण उघडी पडते. फारसी व्याकरणात लिंग नाही, त्यामुळे तिचे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठीत वारी निघाली, मोर्चा निघाला, पाखरू निघाले. मतल्यात ‘वारी निघाले’ चालले ते ‘घेऊन’मुळे, कारण निघणारी माणसे आहेत, वारी कर्म आहे. ‘घेऊन’ विसरला की ओळ चुकली. ‘स्वारी निघाले’, ‘गाडी निघाले’ असे काही जण लिहून जातात. पहिल्यात लिंग बिघडले आहे, दुसऱ्यात लिंगही आणि काफियाही. ‘शेजारी’ लिंगाने चालतो, पण त्याची तिन्ही अक्षरे गुरू असल्याने गणाचा पहिला लघु हरवतो आणि ‘मनाच्या श्लोकां’च्या चालीवर म्हणताच जीभ अडखळते.

मराठी गझलेत ‘आहे’ आणि ‘नाही’ हे रदीफ इतके का दिसतात, त्याचे कारण मला वाटते हेच आहे. एकवचनात तिन्ही लिंगांना ते न वाकता चालतात. ‘निघाले’सारखा रदीफ घेतला की कर्ता अनेकवचनी पुल्लिंगी किंवा एकवचनी नपुंसकलिंगी ठेवावा लागतो, आणि पाचसहा शेरांतच शब्द संपत आल्याचे जाणवते. नवशिक्याने म्हणून आधी ‘आहे’वर हात बसवावा.

वरच्या गाण्यात ‘तयारी’, ‘भिकारी’ आणि ‘पुजारी’ हे काफिये अजून मोकळे आहेत. ‘तयारी’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ती कर्ता होणार नाही अशी ओळ वाचकांनी बांधून पाहावी.