दोन चॅनेलांवरील फोनसंभाषणाचा एकत्रित उतारा

फोन करणारा आणि कॉल सेंटरमधला एजंट यांचे आवाज वेगवेगळ्या चॅनेलांवर मुद्रित झालेले असतात, तेव्हा प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे लिहून काढून दोन्हींतले बोलणे वेळेनुसार एकाच संवादात गुंफण्याची पद्धत. तक्रारीची छाननी, ग्राहकाने दिलेल्या संमतीची पडताळणी, एजंटांचे प्रशिक्षण अशा कामांसाठी असे उतारे करतात. दोघांचे आवाज एकाच चॅनेलवर मिसळलेले असले, तर कोण बोलले हे आवाजावरून ओळखावे लागते आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही शब्द हरवतात. चॅनेल वेगळे असल्यावर ‘कोण’ हा प्रश्न जवळजवळ सुटतो. ‘केव्हा’ हा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि या कामातल्या गंभीर चुका तिथेच होतात.

मुद्रण. फोनच्या यंत्रणेत दोन्ही बाजूंचे आवाज मुळातच वेगळ्या प्रवाहांतून येतात. जी.७११ या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये हे नमुने बहुधा २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे १६० नमुन्यांच्या पाकिटांतून जातात. म्हणजे आवाज वेगळे ठेवायला खास कष्ट पडत नाहीत. उलट ते मिसळणे हीच जास्तीची पायरी आहे आणि ती एकदा केली की पूर्णपणे उलटवता येत नाही. ऍस्टेरिस्क या मुक्तस्रोत फोनप्रणालीत MixMonitor या आज्ञेला r आणि t हे पर्याय दिले, तर येणारा आणि जाणारा आवाज स्वतंत्र फाइलींतही ठेवता येतो. ऍमेझॉन कनेक्टमध्ये एजंट उजव्या चॅनेलवर असतो, तर बाहेरून येणारा सगळा आवाज डाव्या चॅनेलवर जातो. डावे कोणाचे आणि उजवे कोणाचे याचा सर्वमान्य नियम मात्र नाही. म्हणून ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ हे वाक्य कोणत्या चॅनेलवर आहे ते ऐकूनच नावे द्यावीत.

चॅनेल खरोखर वेगळे आहेत का? फाइलीत दोन चॅनेल दिसतात म्हणजे दोन आवाज वेगळे आहेत, असे धरून चालू नये. मिसळलेला आवाजच दोन्ही चॅनेलांवर उतरवलेल्या फाइली पुष्कळ आढळतात. एका चॅनेलमधून दुसरा वजा करून हे तपासता येते.

```
ffmpeg -i call.wav -af "pan=mono|c0=c0+-1*c1,volumedetect" -f null -
```

दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असतील तर वजाबाकीत काहीच उरत नाही आणि १६ बिटांच्या फाइलीसाठी mean_volume उणे ९१ डेसिबलच्या आसपास दिसते. तसे दिसले तर ही पद्धत सोडून द्यावी आणि मूळ मुद्रण दुसरीकडे कुठे आहे का ते शोधावे. चॅनेल वेगळे असतील तर त्यांच्या दोन फाइली कराव्यात.

```
ffmpeg -i call.wav -af "pan=mono|c0=c0" left.wav
ffmpeg -i call.wav -af "pan=mono|c0=c1" right.wav
```

ही पायरी टाळण्याचा मोह होतो, कारण बरीच ध्वनिलेखन साधने दोन चॅनेलांची फाइलही विनातक्रार स्वीकारतात. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेले व्हिस्पर हे साधन फाइल उघडतानाच तिचे चॅनेल एकत्र करते आणि नमुन्यांचा वेग १६,००० वर नेते. उतारा नीटनेटका निघतो, फक्त जपून ठेवलेले वेगळेपण गेलेले असते. कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही.

शांततेचा प्रश्न. चॅनेल वेगळे केले की प्रत्येक फाइलीत निम्म्याहून अधिक वेळ शांतता उरते, कारण एक जण बोलताना दुसरा बहुतेक ऐकत असतो. सलग शांततेवर किंवा मंद खरखरीवर ध्वनिलेखन साधने कधीकधी कोणीच न बोललेली वाक्ये लिहितात. आभाराची वाक्ये किंवा एकच शब्द पुन्हापुन्हा आलेला दिसला तर त्या जागेचा आवाज ऐकून पाहावा. यावर उपाय म्हणजे बोलणे कुठे आहे ते आधी शोधायचे आणि तेवढेच भाग लिहून घ्यायचे. मात्र शांतता कापून उरलेले तुकडे एकमेकांना जोडले आणि त्या जोडफाइलीच्या वेळा तशाच घेतल्या, तर कालरेषा मोडते. प्रत्येक तुकडा मूळ फाइलीत कोणत्या क्षणी सुरू होतो ते टिपून ठेवावे आणि तुकड्यातल्या वेळेत ते मिळवावे. शांतता हीच दोन्ही चॅनेलांना एकमेकांशी बांधून ठेवते.

गुंफण. दोन्ही उताऱ्यांतील वाक्ये सुरुवातीच्या वेळेनुसार लावली की संवाद तयार होतो, असे पहिल्यांदा वाटते. ते कुठे फसते हे एका कल्पित कॉलवरून पाहू. गॅस सिलिंडर न मिळाल्याची तक्रार करणाऱ्या कॉलरच्या चॅनेलचा एक खंड असा निघाला : १२.४० ते १९.६० सेकंद, ‘सिलिंडर मंगळवारी येणार होता, अजून आलेला नाही हो, ह्याच नंबरवर’. एजंटच्या चॅनेलवर १६.१० ते १७.९० या वेळेत आहे, ‘मेसेज ह्याच नंबरवर येतो ना?’ सुरुवातीच्या वेळेनुसार लावल्यास कॉलरचा सगळा खंड आधी येतो आणि एजंटचा प्रश्न त्याच्यानंतर. उत्तर प्रश्नाच्या आधी छापले जाते. शिवाय मराठीत ‘आलेला नाही हो’ हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. इथे सिलिंडरचा प्रश्न आहे म्हणून निभावते. कर्जाच्या अटींना दिलेला ‘हो’ असा सरकला तर ग्राहकाने कशाला होकार दिला हेच बदलते.

हे घडते, कारण साधन एका चॅनेलचे बोलणे लिहिताना दुसऱ्या चॅनेलचे काहीच ऐकत नाही. मधली शांतता त्याच्या लेखी साधा विराम असतो. म्हणून खंडाच्या वेळांवर न थांबता प्रत्येक शब्दाची वेळ घ्यावी लागते. वरच्या खंडात ‘नाही’ हा शब्द १५.७० ला संपतो आणि ‘हो’ १८.२० ला सुरू होतो. अडीच सेकंदांची ही फट दिसताच खंड तिथे तोडायचा. एकाच चॅनेलवरच्या दोन शब्दांत पाऊण सेकंदाहून मोठी फट असेल तर नवे वाक्य धरायचे, हा नियम सुरुवातीला पुरतो. त्यानंतर तुकडे वेळेनुसार लावले की संवाद असा दिसतो :

१२.४० कॉलर : सिलिंडर मंगळवारी येणार होता, अजून आलेला नाही.
१६.१० एजंट : मेसेज ह्याच नंबरवर येतो ना?
१८.२० कॉलर : हो, ह्याच नंबरवर.

शब्दांच्या वेळाही अचूक नसतात, दशांश-दोन दशांश सेकंदांनी त्या मागेपुढे होतात. म्हणून फट इतकी लहान धरू नये की प्रत्येक श्वासाला वाक्य तुटेल. एजंटचे ‘हं’, ‘बरं’, ‘अच्छा’ हे हुंकार वेगळा विषय आहेत. काटेकोर क्रम लावला तर ते कॉलरच्या वाक्याचे तुकडे करतात आणि तक्रार वाचता येत नाही. ते कॉलरच्या वाक्यातच कंसात ठेवणे मला अधिक योग्य वाटते. पूर्ण गाळू नयेत. ऐकणाऱ्याने ऐकले की नाही, याचा तोच पुरावा असतो. दोघे खरोखर एकदम बोलले असतील तर दोन्ही वाक्ये पूर्ण लिहावीत आणि दोन्हींच्या सुरुवातीच्या व शेवटच्या वेळा द्याव्यात. त्यांना कृत्रिमपणे एकामागून एक लावले, तर कोणी कोणाला तोडले ही माहिती नाहीशी होते.

शून्य एक हवे. दोन्ही चॅनेल एकाच फाइलीत असतील तर त्यांचा आरंभक्षण सहसा एकच असतो. दोन स्वतंत्र फाइली असतील तर तसे असेलच असे नाही, कारण कॉलर रांगेत थांबलेला असतानाच त्याची फाइल सुरू झालेली असू शकते आणि एजंटची फाइल त्याने फोन उचलल्यावर. वरच्या कॉलमध्ये एजंटची फाइल ४ सेकंद उशिरा सुरू झाली असती, तर त्याचा प्रश्न १२.१० ला दिसला असता, म्हणजे तक्रारीच्याही आधी. हे ओळखायला प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर पाहावे. सामान्य संभाषणात ते सेकंदाच्या काही दशांशांएवढे असते. एका बाजूची उत्तरे सतत चार सेकंद उशिरा आणि दुसऱ्या बाजूची प्रश्न संपण्याच्या चार सेकंद आधी दिसू लागली, तर दोष बोलणाऱ्यांचा नसून शून्याचा आहे. एजंटच्या सगळ्या वेळांत ४ मिळवले की तो जातो.

ही तपासणी कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे करावी. सुरुवातीला जुळणारे चॅनेल शेवटी जुळत नसतील तर वाटेत आवाज गळाला आहे. सेकंदाला ५० पाकिटे या हिशेबाने १० मिनिटांच्या कॉलमध्ये एका दिशेला ३०,००० पाकिटे येतात. त्यातली १ टक्का हरवली आणि मुद्रण यंत्रणेने त्यांच्या जागी शांतता भरली नाही, तर ३०० पाकिटांचे मिळून त्या चॅनेलचे ६ सेकंद कमी होतात. कोणी बोलत नसताना पाकिटे पाठवणेच थांबवणाऱ्या फोनांमुळेही असेच होते. दोन फाइलींची लांबी वेगळी असणे ही याची पहिली खूण. फाइल ताणून लांबी जुळवणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण गळती सारखी पसरलेली नसून ठिकठिकाणी झालेली असते. पाकिटांवर नोंदलेल्या वेळा मिळाल्या तरच चॅनेल बिनचूक पुन्हा मांडता येतो. त्या नसतील तर कॉलचे भाग पाडून प्रत्येक भागाचे अंतर वेगळे दुरुस्त करावे लागते, आणि तसे केल्याचे उताऱ्यावर लिहावे.

प्रतिध्वनी. कॉलर स्पीकरवर बोलत असला की एजंटचा आवाज त्याच्या फोनच्या माइकमध्ये शिरतो आणि कॉलरच्या चॅनेलवर मंदपणे उमटतो. मग एजंटची वाक्ये कॉलरच्या नावावर लिहिली जातात. तेच शब्द दोन्ही चॅनेलांवर थोड्या, साधारण सारख्याच अंतराने येत असतील आणि एका बाजूचा आवाज खूपच मंद असेल, तर तो प्रतिध्वनी समजून मंद बाजूचा मजकूर काढावा. नुसते शब्द जुळतात म्हणून काढू नये. कॉलरने सांगितलेला ग्राहक क्रमांक एजंट पुन्हा म्हणून खात्री करून घेतो, तेव्हाही शब्द तेच असतात. पण एजंट क्रमांक संपल्यावर बोलतो आणि त्याचा आवाज पूर्ण असतो. आवाजाची पातळी न पाहता असे शब्द गाळणाऱ्या प्रोग्रॅममुळे नेमकी ही खात्री उताऱ्यातून नाहीशी झालेली आढळते.

मर्यादा. चॅनेल म्हणजे फोनची बाजू, माणूस नव्हे. आईच्या हातातला फोन मुलीने घेतला किंवा कॉल पर्यवेक्षकाकडे ट्रान्सफर झाला, तर एकाच चॅनेलवर दोन माणसे येतात. तिसरी व्यक्ती जोडली गेली तर तिचाही आवाज बहुधा कॉलरच्याच चॅनेलवर पडतो. अशा ठिकाणी चॅनेलच्या आत आवाजांवरून माणसे वेगळी करण्याचे जुने काम पुन्हा करावे लागते. होल्डवरचे संगीत आणि आधी मुद्रित केलेल्या सूचनाही कुठल्यातरी चॅनेलवर असतातच. त्या कोणाच्याही नावावर न लिहिता ‘यंत्रणा’ म्हणून वेगळ्या दाखवतात आणि त्यांनी व्यापलेला वेळ कालरेषेवर तसाच ठेवतात.