साखरेचा खडा आणि कडू थेंब

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी निघणाऱ्या एका साप्ताहिकात 1806 च्या मे महिन्यात वाचकाचा प्रश्न छापून आला: हे कॉकटेल म्हणजे काय? आदल्या अंकात निवडणूक हरलेल्या एका उमेदवाराच्या खर्चाची थट्टा केली होती, त्यात हा शब्द आला होता. संपादक हॅरी क्रॉसवेल यांनी उत्तर दिलं ते आजही पाककृती म्हणून वापरता येतं. कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. लोक याला कडू स्लिंग म्हणतात, असंही त्यांनी सांगून टाकलं.

स्लिंग म्हणजे मद्य, साखर आणि पाणी. हे मिश्रण आधीपासून प्यायलं जात होतं, आणि ते सरळसरळ गोड होतं. त्यात बिटर्स पडले तेव्हा कॉकटेल झालं. हे बिटर्स आले औषधाच्या फडताळातून. लंडनच्या रिचर्ड स्टॉटन यांनी 1712 मध्ये आपल्या कडू अर्काचं पेटंट घेतलं होतं, आणि पोटासाठी म्हणून तो अर्क घोटभर मद्यात टाकून घेतला जाई. अशा बहुतेक अर्कांचा कणा म्हणजे जेन्शियनचं मूळ. आपल्याकडे तापावर ज्याचा काढा देत, ते काडेचिराईतही त्याच कुळातलं, म्हणजे कडवटपणाची जात आपल्या घरात अनोळखी नाही. आज बारवर सगळीकडे दिसणारी अंगोस्तुराची बाटली 1824 ची. बोलिव्हारच्या सैन्यातले जर्मन डॉक्टर योहान सिगर्ट यांनी व्हेनेझुएलातल्या अंगोस्तुरा गावी ती बनवली. पुढे कारखाना त्रिनिदादला गेला आणि गावाचंही नाव बदललं, पण बाटलीवरचं नाव राहिलं.

जेरी टॉमस यांच्या 1862 च्या पुस्तकात व्हिस्की कॉकटेल आहे. एक वाइनग्लास व्हिस्की, म्हणजे साधारण 60 मिलीलिटर. डिंक घातलेल्या पाकाचे तीन-चार शिंतोडे, बिटर्सचे दोन, लिंबाची साल. पाक आला म्हणजे साखर विरघळवण्याची कटकट संपली, आणि बारवाल्यांचा हात मोकळा झाला. मग कोणी क्युरासाओ घाल, कोणी माराश्चिनो, कोणी ॲबसिंथचा थेंब, असं सुरू झालं. पुढच्या दोन दशकांत गिऱ्हाईक वैतागून सांगू लागलं, बाबा, जुन्या पद्धतीचं दे. 1880 च्या सुमारास शिकागोच्या वर्तमानपत्रात ‘ओल्ड फॅशन्ड’ कॉकटेलचा उल्लेख सापडतो. हे कॉकटेल पहिल्यांदा बनवल्याचा मान केंटकीतल्या लुईव्हिलचा पेंडेनिस क्लब स्वतःकडे घेतो खरा, पण तो क्लब सुरूच झाला 1881 मध्ये. दंतकथा खोटी पाडायला एवढं एक साल पुरे आहे.

जुन्या पद्धतीचं म्हणजे नेमकं कसं, ते जॉर्ज कॅपलर यांच्या 1895 च्या पुस्तकात स्वच्छ आहे. साखरेचा लहानसा खडा थोड्या पाण्यात ग्लासातच विरघळवा. अंगोस्तुराचे दोन शिंतोडे, बर्फाचा लहान तुकडा, लिंबाची साल, एक माप व्हिस्की. लहान चमच्याने ढवळा आणि चमचा ग्लासात ठेवूनच द्या. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो चमचा. साखर अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाही, थंड व्हिस्कीत तर फारच संथपणे. म्हणून व्हिस्कीच्या आधी पाणी हवं, आणि एवढं करूनही तळाशी थोडी साखर राहणारच. पिणाऱ्याने ती मधूनमधून ढवळून घ्यावी, म्हणून चमचा.

हा क्रम चुकला की पेय दोन तुकड्यांत मोडतं. खडा ग्लासात टाकून त्यावर थेट व्हिस्की आणि बर्फ ओतला, तर पहिले घोट कडू आणि जळजळीत, शेवटचा घोट पाकासारखा, आणि दाताखाली कचकच. प्रमाण बरोबर असूनही चव चुकते, आणि पिणारा बिचारा बिटर्सला दोष देतो.

आता प्रमाण हातात घेऊन पाहू. 60 मिलीलिटर व्हिस्की, 45 टक्क्यांची. साखर दोन भाग आणि पाणी एक भाग अशा घट्ट पाकाचा एक लहान चमचा, म्हणजे 5 मिलीलिटर. त्यात साखर सुमारे साडेचार ग्रॅम, एका खड्याइतकीच. बिटर्सचे दोन शिंतोडे, मिळून दीड मिलीलिटरच्या आसपास. मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट ढवळलं की पंधरा-सोळा मिलीलिटर पाणी त्यात उतरतं. पेय होतं साधारण 82 मिलीलिटर, तीव्रता 34 टक्क्यांच्या घरात आणि साखर पाच-साडेपाच टक्के. दोन चमचे साखर घातलेला घरचा चहा जवळपास एवढाच गोड असतो. तरी ओल्ड फॅशन्ड चहाइतकं गोड लागत नाही, कारण ते थंड असतं आणि त्या गोडव्याला अल्कोहोलची जळजळ व बिटर्सचा कडवटपणा अडवून धरतात.

इथे या पेयाची खरी अडचण कळते. ज्या कॉकटेलमध्ये लिंबाचा रस असतो, तिथे साखर थोडी जास्त झाली तरी आंबट सांभाळून घेतं. इथे आंबट काहीच नाही. सालीतून येतं ते फक्त सुगंधी तेल. गोडव्यासमोर उभा राहतो तो कडवटपणाच, आणि तोही दीड मिलीलिटरमध्ये. साखर आणि कडू एकमेकांना दाबतात. साखर घालून बिटर्स वगळले, तर उरतं ते स्लिंग: सुरुवातीला बरं, अर्ध्या ग्लासात नकोसं. बिटर्स वाढवून साखर तेवढीच ठेवली, तर लवंग-दालचिनीचा वास पुढे येतो आणि जीभ कोरडी पडते. मग दोन्ही वाढवत जावं म्हटलं, तर तोल राहतो पण व्हिस्की हरवते. म्हणून अमेरिकन वकील डेव्हिड एम्बरी यांनी 1948 च्या पुस्तकात बारा भाग व्हिस्कीला एकच भाग पाक धरला, आणि बिटर्सना मात्र एक ते तीन शिंतोडे अशी सूट दिली.

ती सूट योग्यच, कारण शिंतोडा हे काही माप नव्हे. भरलेल्या बाटलीतून तो लहान पडतो, अर्ध्या रिकाम्या बाटलीतून मोठा. त्यामुळे गोडवा मोजून कायम ठेवावा आणि चव बिटर्सने जुळवावी. ढवळल्यावर चमचाभर चाखायचं. घशात गोडवा रेंगाळत असेल तर एक शिंतोडा आणखी. उलट्या दिशेने दुरुस्ती अवघड, कारण पडलेले बिटर्स काढता येत नाहीत.

अमेरिकेत दारूबंदी 1933 मध्ये उठली, त्यानंतर या ग्लासात संत्र्याची फोड आणि लाल चेरी ठेचण्याची रीत पसरली. फळाचा रस म्हणजे न मोजलेली साखर. विस्कॉन्सिनमध्ये ब्रँडी आणि सोड्याबरोबर तेच आवडीने पितात, आणि त्यांनी खुशाल प्यावं. पण वरचा हिशेब तिथे लागू नाही.

आपल्याकडे हिशेब थोडा बदलतो. 60 मिलीलिटरचा मोठा पेग जुळतो, पण बहुतेक देशी व्हिस्की 42.8 टक्क्यांची, आणि तिच्यात मळीपासून काढलेल्या मद्याचा भाग मोठा. जळजळ कमी, म्हणून एक चमचा पाकही जड वाटतो. पाऊण चमचा पुरतो आणि ढवळणंही थोडं आवरतं घ्यावं. गोव्यात बनणाऱ्या 46 टक्क्यांच्या सिंगल माल्टला मात्र पूर्ण चमचा सहज झेपतो.