खर्ड्याची फौज आणि फ्रान्सची सेना

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्याच्या टोकाला खर्डा नावाचे गाव आहे. निंबाळकरांनी बांधलेला तेथील भुईकोट किल्ला आजही उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजी याच परिसरात पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा एकमेकींसमोर ठाकल्या. जुने इतिहासकार दोन्ही बाजूंची मोजदाद लाखावर देतात. शाळेत असताना हा आकडा वाचून आमची छाती भरून आली होती. पुढे फ्रेंच क्रांतीचा इतिहास वाचताना एक प्रश्न मनात आला. खर्ड्याला लाखाची फौज जमली, त्याच सुमारास फ्रान्सनेही लाखांचे सैन्य उभे केले. मग फ्रान्सच्या सैन्याने युद्धाची रीतच बदलली आणि आमच्या फौजेने ती का बदलली नाही?

उत्तर शोधताना आधी खर्ड्याकडेच पाहावे लागते. पेशव्यांच्या फौजेचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. तिच्यात शिंदे, होळकर, भोसले आणि इतर सरदार आपापली पथके घेऊन आले होते. सरदाराला सरंजाम म्हणून मुलूख लावून दिलेला असे आणि त्याच्या उत्पन्नातून त्याने ठरलेले स्वार बाळगायचे असत. शिपाई सरदाराचे अन्न खाई आणि निष्ठाही त्यालाच वाही. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली होत्या, तर निजामाच्या पलटणी रेमंड या दुसऱ्या फ्रेंच माणसाच्या. रेमंडच्या पलटणींवर क्रांतीचा तिरंगी ध्वज फडकत असे, परंतु त्या ध्वजाखालचे शिपाई पगारी होते.

लढाई झाली आणि संध्याकाळी निजामाच्या छावणीत घबराट उडाली. निजाम खर्ड्याच्या गढीत जाऊन बसला, वेढा पडला आणि अखेर तह झाला. दौलताबादचा किल्ला, मुलूख आणि मोठी खंडणी मराठ्यांच्या पदरात पडली. इतक्या प्रचंड जमावाच्या मानाने रणात पडलेली माणसे फारच थोडी होती. तह होताच सरदार आपापल्या मुलखाकडे वळले. हे भित्रेपणाचे लक्षण नव्हते. सरदाराची पथके हीच त्याची दौलत होती. एका दुपारी ती कापली गेली, तर नवी कोठून आणायची? म्हणून डाव मांडायचा, रसद तोडायची, कोंडी करायची आणि तहावर यायचे, हीच शहाण्या सेनापतीची रीत होती.

युरोपातील राजांची रीतही फार निराळी नव्हती. तेथील शिपाई पगारी, वर्षानुवर्षे कवायत शिकवलेला आणि म्हणूनच महाग. तो पळून जाईल या भीतीने त्याला मोकळे सोडता येत नसे. त्याच्यासाठी आधी धान्याची कोठारे भरावी लागत, मग भट्ट्या लावाव्या लागत आणि सैन्याला त्या कोठारांपासून फार दूर जाता येत नसे. एका मोसमात एखादा किल्ला घेतला, तरी मोहीम यशस्वी मानली जाई.

हे सारे १७९३ साली मोडले. राजाचा शिरच्छेद झाला होता आणि फ्रान्सला चहूबाजूंनी शत्रूंनी घेरले होते. फेब्रुवारीत तीन लाख माणसे भरती करण्याचा कायदा झाला, पण तो पुरला नाही. २३ ऑगस्ट १७९३ रोजी राष्ट्रीय सभेने सार्वत्रिक भरतीचा हुकूम काढला. शत्रू देशाबाहेर जाईपर्यंत सारी प्रजा सैन्याच्या कामी लावण्यात आली. तरुणांनी लढायचे, विवाहितांनी शस्त्रे घडवायची व धान्य वाहायचे, स्त्रियांनी तंबू व कपडे शिवायचे आणि रुग्णालयांत सेवा करायची, मुलांनी जुन्या कापडाच्या पट्ट्या काढायच्या, वृद्धांनी चौकात बसून धीर द्यायचा. प्रत्यक्षात प्रथम बोलावले गेले ते १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण. तोफांसाठी चर्चच्या घंटाही गेल्या. प्रत्येक पॅरिशला एकच घंटा ठेवून बाकीच्या वितळवाव्यात, असा निर्णय त्याच वर्षी झाला होता.

वर्षभरात प्रत्यक्ष हजर शिपायांची संख्या सुमारे साडेसात लाखांवर गेली. नवख्यांना एकट्याने लढवले असते, तर ते पहिल्याच माऱ्यात पांगले असते. म्हणून जुन्या राजसैन्याची एक पलटण आणि नवख्यांच्या दोन पलटणी यांचा एक गट बांधला गेला. रांगेची बारीक कवायत शिकवायला वेळ नव्हता. त्यामुळे काही शिपाई पुढे पसरून गोळीबार करीत आणि मागून दाट स्तंभ संगिनी रोखून चालून जाई. इतक्या माणसांना कोठारे पुरणे शक्यच नव्हते. सैन्याच्या तुकड्या निरनिराळ्या वाटांनी जात, वाटेतील गावांकडून धान्य घेत आणि लढाईच्या वेळी एकत्र येत. लष्करी सूत्रे सांभाळणारा कार्नो सेनापतींना बजावीत असे की, मोठ्या संख्येने चढाई करा आणि शत्रूचा पुरता पाडाव होईपर्यंत पाठलाग सोडू नका.

याचा अर्थ १७९४ च्या उन्हाळ्यात साँब्र नदीकाठी स्पष्ट दिसतो. नदी ओलांडून शार्लरुआ शहर घ्यायचे होते. मे-जूनमध्ये फ्रेंच चार वेळा पार गेले आणि चारही वेळा मार खाऊन परतले. राजाच्या पगारी सैन्याचा सेनापती बहुधा दुसऱ्या अपयशानंतर थांबला असता. येथे मात्र पडलेल्यांच्या जागी माणसे येत राहिली, आणि मोझेल नदीकडील सैन्य घेऊन सेनापती झुर्दां येऊन मिळाला. १८ जूनला फ्रेंच पाचव्यांदा नदी उतरले, २५ जूनला शार्लरुआ पडले आणि २६ जूनला फ्लेरूसच्या लढाईत ऑस्ट्रियन सैन्य मागे हटले. पुढच्याच महिन्यात ब्रसेल्स फ्रेंचांच्या हाती आले.

तेव्हा भेद आकड्यात नव्हता. खर्ड्याची लाखाची फौज एकदाच जमणारी होती, तर फ्रान्सचे सैन्य पुन:पुन्हा भरून निघणारे होते. ज्याला तोटा भरून काढता येतो, तो लढाई टाळत नाही.

परंतु या शक्तीची किंमत कोणी दिली, हे विसरून चालणार नाही. फ्रान्सच्या पश्चिमेकडील वांदे प्रांतातील शेतकरी श्रद्धाळू कॅथलिक होते. चर्चला सरकारच्या अंकित करणाऱ्या कायद्याची शपथ त्यांच्या धर्मगुरूंनी नाकारली होती आणि त्यापायी त्यांना हद्दपारी भोगावी लागत होती. त्यातच मार्च १७९३ मध्ये भरतीची यादी आली. ती राबविणाऱ्या अधिकाऱ्यांना स्वतःला मात्र भरतीतून सूट होती. गावे उठली. कातलिनो नावाचा साधा फेरीवाला त्यांचा पहिला सरसेनापती झाला. तोही नांतच्या हल्ल्यात जखमी होऊन वारला. बंड मोडताना गावेच्या गावे जाळली गेली आणि लाखाहून अधिक माणसे मेली. इतरत्रही हजारो तरुण सैन्यातून पळून रानात लपत. १७९७ पर्यंत सैन्य जवळजवळ निम्म्यावर आले, म्हणून सप्टेंबर १७९८ मध्ये २० ते २५ वयाच्या तरुणांसाठी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायमचा कायदा करावा लागला. नेपोलियनच्या सेना याच कायद्यावर उभ्या राहिल्या.

आमच्या जिल्ह्यात याचे दुसरे टोक दिसते. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला भुईकोट किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. पुढच्याच महिन्यात पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. भाड्याच्या नेतृत्वावर विसंबलेली ती फौज ऐन वेळी पोरकी झाली. हाच वेलस्ली १८०८ नंतर पोर्तुगाल व स्पेनमध्ये फ्रान्सच्या सक्तीच्या भरतीतून आलेल्या सैन्याशी लढला.

खर्ड्याची गढी पाहताना आता आम्हांला लाखाच्या आकड्याचा अभिमान तेवढा वाटत नाही. त्या लाखांपैकी प्रत्येक जण कोणाच्या हुकमाने आला होता आणि त्याला परतीची वाट मोकळी होती की नाही, हेच आम्ही स्वतःला विचारतो. फ्रान्सने ती वाट बंद केली, म्हणून तो जिंकला. आणि वांदेच्या जळालेल्या गावांनी त्या विजयाचा हिशेब चुकता केला.