ग्रहणाची नमाज आणि सूतक

मुसलमान ग्रहणात नमाज पढतात, हे कोकण किनारपट्टीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही नमाज म्हणजे सूतकाचेच मुसलमानी रूप, असा समज त्याच्याबरोबर रुजला आहे. हिंदू माणूस ग्रहणात जप करतो, मुसलमान नमाज पढतो; दोघांनाही ग्रहण अशुभ वाटते, असे सर्रास बोलले जाते. हा समज चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. तो का चुकीचा, हे त्या नमाजेची रचना आणि तिच्या वेळेचे नियम पाहिले की कळते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो. ग्रहण लागल्यावर पैगंबर घाबऱ्या घाबऱ्या मशिदीकडे निघाले, असे हदीसमध्ये आले आहे. ही नमाज ग्रहण लागताना सुरू होते आणि सुटले की तिची वेळ संपते. कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांत आजही गरोदर बाईला ग्रहणात सुरी-विळीला हात लावू देत नाहीत. मग सूतक आणि नमाज यांत फरक तो काय उरला?

पहिले उत्तर या नमाजेच्या उगमातच आहे. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहीम मदिनेत वारला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलगणिताने हा दिवस २७ जानेवारी ६३२ चा ठरतो. मुलाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला, असे लोक म्हणू लागले. शोकात बुडालेल्या बापाला हे ऐकून घेणे सोपे होते. पैगंबरांनी ते तिथल्या तिथे खोडून काढले. चंद्र-सूर्य ही अल्लाहची चिन्हे आहेत, कोणाच्या जगण्यामरण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले की नमाज पढा आणि दानधर्म करा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. ग्रहणाचा माणसाच्या भाग्याशी संबंध जोडणे चूक आहे, हे ज्या प्रसंगी सांगितले गेले, त्याच प्रसंगातून ही नमाज आली. राहिला प्रश्न भीतीचा. भीती होती, पण ती अल्लाहची होती, काळवंडलेल्या बिंबाची नव्हती. म्हणून तिच्यापोटी सांगितलेली कामेही नमाज, क्षमायाचना आणि दान हीच आहेत. जेवू नका, शिजवू नका, बाहेर पडू नका, असे त्यात काही नाही.

आता रचना पाहू. जयगडसह कोकणातले मुसलमान परंपरेने शाफई पंथाचे आहेत, म्हणून त्या पंथाची रीत सांगतो. नमाज दोन रकातींची. अजान नाही, इकामतही नाही. ‘अस्सलातु जामिआ’ अशी हाक देऊन जमात गोळा करतात. पहिल्या रकातीत अलहम्दु आणि लांब सूरह पढून इमाम रुकूत वाकतो. एरवी यानंतर उभे राहायचे आणि सजद्यात जायचे. इथे मात्र उभे राहिल्यावर पुन्हा हात बांधायचे, पुन्हा अलहम्दु, पुन्हा सूरह आणि दुसरा रुकू. मग दोन सजदे. दुसरी रकातही अशीच. म्हणजे साध्या दोन रकातींत दोन रुकू असतात, इथे चार होतात. सजदे मात्र चारच राहतात. सूर्यग्रहणात इमाम मनातल्या मनात पढतो, चंद्रग्रहणात मोठ्याने. जुम्म्याला खुतबा आधी आणि नमाज नंतर. इथे नमाज आधी, खुतबे नंतर.

गफलत नेमकी दुसऱ्या उभे राहण्याच्या वेळी होते. ज्याला ही रीत ठाऊक नाही, तो पहिल्या रुकूनंतर सवयीने सजद्यात जातो आणि सफ अजून उभीच असते. म्हणून इमामाने आधीच सांगून ठेवलेले बरे. उशिरा आलेल्यासाठी नियम आणखी कडक आहे. एरवी रुकू सापडला की रकात सापडते; इथे दुसऱ्या रुकूत येऊन मिळालेल्याला ती रकात मिळत नाही, पहिलाच रुकू सापडावा लागतो.

यावर एक शंका निघते: हनफी लोक एकाच रुकूने पढतात, मग हा दुसरा रुकू कोकणातली स्थानिक भर तर नाही? तसे नाही. दोन रकातींत चार रुकू ही गोष्ट हजरत आयेशा यांच्या हदीसमध्ये आहे. हनफींनी वेगळ्या हदीसांचा आधार घेतला. शिवाय साध्या दोन रकाती पढल्या तरी शाफई मतेही नमाज होते. चार रुकूंची रीत अधिक पूर्ण मानतात इतकेच. ग्रहणाची बाधा टाळणारा तोडगा असता, तर त्यात असे कमीजास्त चालले असते का?

वेळेच्या नियमांची कसोटी जयगडच्या किनाऱ्यावरच घेऊ. २५ ऑक्टोबर २०२२ चे खंडग्रास सूर्यग्रहण आठवा. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामधला तो रिकामा दिवस. ग्रहण पाचच्या सुमारास लागले आणि सहा वाजून गेल्यावर सूर्य ग्रासलेलाच समुद्रात बुडाला. शाफई गणिताने त्या दिवशी असरची वेळ पावणेचारच्या आसपास सुरू झाली होती, म्हणजे ग्रहणाआधीच असर पढून झालेली असणार. असरनंतर मगरिबपर्यंत विनाकारण नफिल पढत नाहीत. पण ग्रहणाच्या नमाजेला समोर दिसणारे कारण आहे, म्हणून शाफई मतात ती तेव्हाही चालते. हनफी अशा वेळी दुआवर थांबतात. नमाज साडेपाचला संपली आणि ग्रहण तसेच असले, तरी ती पुन्हा पढायची नाही, की ग्रहण लांबते म्हणून रुकू वाढवायचे नाहीत. सूर्य मावळला की वेळ संपली. ज्याची राहून गेली त्याची राहिली. तिची कजा नाही.

इथे सूतकाशी ताडून पाहा. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सूर्यग्रहणाचा वेध चार प्रहर आधी लागतो आणि ग्रस्तास्त असेल तर दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब पाहून जेवायचे असते. त्या विचाराला स्वतःची सुसंगती आहे: अशौच असेल तर ते बिंब शुद्ध होईपर्यंत राहणारच. नमाजेच्या नियमांत ग्रहणाआधीचा एक क्षणही नाही आणि सूर्यास्तानंतरचाही नाही. फिटायचे काही शिल्लकच उरत नाही, कारण मुळात काही लागलेलेच नसते.

त्या संध्याकाळी एखाद्याने पाहिले असते, तर नमाजी ग्रासलेल्या सूर्याकडेच तोंड करून उभे आहेत असे त्याला वाटले असते, कारण कोकणातून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. पण २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण सकाळचे होते. आठनंतर सुरू झालेले ते ग्रहण आग्नेयेला दिसत होते, म्हणजे किबल्याकडे तोंड करणाऱ्याच्या पाठीमागे. सफ सूर्यासाठी वळत नाही. सूर्याला किंवा चंद्राला सजदा करू नका, ते ज्याने घडवले त्याला करा, या अर्थाची कुराणातली आयत इमाम शाफईंनी याच नमाजेच्या संदर्भात आधाराला घेतली आहे.

राहिली सुरी-विळीची गोष्ट. ती चाल मुसलमान घरांत आहे हे खरे. पण तिला ना हदीसचा आधार, ना शाफई फिकहचा. शेजारपाजारच्या सहवासातून ती घरात आली असावी. घरात काय चालते यावरून नमाजेचा अर्थ लावणे म्हणजे पुरावा सोडून ऐकीव गोष्टीवर निवाडा देणे. फिकहमध्ये तर ग्रहणाच्या वेळी जनाजा आला तर जनाजा आधी, आणि फर्ज नमाजेची वेळ टळत असेल तर फर्ज आधी, असे सांगितले आहे. जी घटना अशुभ मानली, तिच्यासाठी बाकीची कामे थांबतात. ही नमाज मात्र दुसऱ्या कामांसाठी स्वतःच मागे सरते. तिला सूतक म्हणणाऱ्याने आधी एवढ्याचे उत्तर द्यावे.