थायरॉइड शस्त्रक्रियेनंतरचा स्वररज्जूचा पक्षाघात

थायरॉइड शस्त्रक्रियेनंतरचा स्वररज्जूचा पक्षाघात म्हणजे थायरॉइड ग्रंथीवर किंवा मानेत अन्यत्र केलेल्या शस्त्रक्रियेच्या वेळी स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा पोहोचून एका बाजूच्या स्वररज्जूची हालचाल मंदावणे किंवा थांबणे होय. क्वचित प्रसंगी दोन्ही बाजूंना असे घडते. आवाज दुबळा व हवा मिसळल्यासारखा येणे, बोलताना वारंवार श्वास घ्यावा लागणे आणि पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ पिताना ठसका लागणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत. ही लक्षणे परस्परांहून भिन्न वाटली तरी त्यांचे मूळ एकच असते : मिटायला हव्या त्या दोन स्वररज्जूंमध्ये उरणारी फट. केवळ आवाज ऐकून या विकाराचे निदान करता येत नाही. त्यासाठी स्वररज्जू हलत असताना प्रत्यक्ष पाहाव्या लागतात.

शरीररचना

स्वरयंत्राच्या आत दोन स्वररज्जू समोरासमोर असतात. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर जातात. बोलताना, गिळताना आणि खोकताना त्या मध्यरेषेवर येऊन मिटतात. त्यांना हलविणाऱ्या स्नायूंना दहाव्या मस्तिष्क मज्जातंतूची, म्हणजे व्हेगसची, एक शाखा चेतना पुरविते. ही शाखा छातीच्या दिशेने खाली जाऊन पुन्हा वर वळते, म्हणून तिला प्रत्यावर्ती स्वरयंत्र मज्जातंतू म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ‘रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह’ हे नाव रूढ आहे. डावा प्रत्यावर्ती मज्जातंतू महाधमनीच्या कमानीखालून आणि उजवा खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळतो. नंतर दोन्ही मज्जातंतू श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील खोबणीतून वर चढतात आणि थायरॉइड ग्रंथीच्या मागील अंगाला अगदी लगटून स्वरयंत्रात शिरतात. ग्रंथी काढताना त्यांना धोका पोहोचतो तो या निकटतेमुळे.

स्वररज्जू ताणणारा एक स्नायू मात्र या मज्जातंतूच्या अधिकारात नसतो. त्याला ऊर्ध्व स्वरयंत्र मज्जातंतूची बाह्य शाखा चेतना पुरविते. तिला इजा झाल्यास स्वररज्जू हलते व मिटते, परंतु उंच पट्टीतील स्वर लागत नाहीत आणि आवाज लवकर थकतो.

इजेचे स्वरूप

मज्जातंतू कापला जाणे हा इजेचा केवळ एक प्रकार आहे. ग्रंथी वर उचलताना मज्जातंतू ताणला जाणे, रक्तस्राव थांबविण्याच्या उपकरणाची उष्णता लागणे, टाक्यात अडकणे किंवा सूज येऊन दबणे हीही कारणे असतात. ताण किंवा दाब यांमुळे मज्जातंतूचे सातत्य न तुटता केवळ संदेशवहन थांबले असेल, तर हालचाल काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परतते. तो पूर्णपणे कापला गेला असल्यास आपोआप सुधारणा अपेक्षित नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या टिपणात मज्जातंतू दिसला होता काय, अखंड होता काय आणि मज्जातंतू निरीक्षण यंत्र वापरले असल्यास शेवटी त्याचा संकेत मिळत होता काय, या नोंदी पुढील अंदाजासाठी मोलाच्या ठरतात.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रत्येक घोगरेपणा पक्षाघातामुळे नसतो. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळेही स्वररज्जूंवर सूज येते. हा घोगरेपणा सामान्यतः काही दिवसांत ओसरू लागतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत थायरॉइड शस्त्रक्रियेनंतर २ आठवडे ते २ महिने या काळात आवाजात बदल झाला आहे काय याची नोंद करावी, असे सांगितले आहे. नळीचा परिणाम ओसरलेला असतो आणि उपचाराची वेळही टळलेली नसते, असा हा कालखंड आहे.

लक्षणांचा उगम

स्वररज्जू मिटल्या की त्यांच्याखाली हवेचा दाब तयार होतो आणि त्या दाबाने त्या कंप पावतात. फट राहिली की हवा दाब निर्माण न करताच निसटते. म्हणून आवाज पोकळ व कुजबुजल्यासारखा येतो, एका श्वासात थोडेच शब्द बोलता येतात आणि दिवसअखेर घसा दुखतो. फुप्फुसे निरोगी असूनही बोलताना दम लागतो.

गिळताना स्वररज्जूंचे मिटणे हा श्वासमार्गाच्या संरक्षणाचा एक महत्त्वाचा टप्पा असतो. भाताचा किंवा भाकरीचा घास सावकाश सरकतो, परंतु पाणी वेगाने वाहते आणि अरुंद फटीतूनही खाली उतरते. म्हणून जेवण सुरळीत होते आणि पाण्याचा ठसका मात्र लागतो. खोकण्यासाठीही आधी स्वररज्जू घट्ट मिटाव्या लागतात. त्या मिटत नसल्याने खोकला दुबळा व फुसका येतो आणि आत गेलेले पाणी बाहेर टाकणे कठीण होते. ठसका तीव्र असल्यास, अन्नही अडकत असल्यास किंवा पाणी आत जाऊनही ठसका लागत नसल्यास इजा मानेत अधिक वर, मूळ व्हेगस मज्जातंतूला झाली असण्याचा विचार करावा लागतो. स्वररज्जूंच्या वरील भागाची संवेदना ऊर्ध्व मज्जातंतूकडून येते आणि अशा इजेत तीही हरपते.

तपासणी

तपासणीचा आरंभ ऐकण्याने होतो. रुग्णाला खोल श्वास घेऊन ‘आ’ हा स्वर शक्य तितका लांबवायला सांगतात. निरोगी प्रौढ व्यक्ती तो साधारणतः १५ ते २५ सेकंद टिकवते. फट मोठी असल्यास हा काळ अनेकदा १० सेकंदांच्या खाली येतो. आवाजामुळे दैनंदिन जीवनात किती अडचण येते हे मोजण्यासाठी १० प्रश्नांची ४० गुणांची प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात ११ हून अधिक गुण असल्यास अडचण लक्षणीय मानतात.

या मोजमापांना मर्यादा आहे. हलणारी स्वररज्जू मध्यरेषा ओलांडून पक्षाघात झालेल्या स्वररज्जूला टेकली, तर आवाज जवळजवळ स्वाभाविक वाटतो. उलट केवळ सूज असतानाही आवाज फार बिघडू शकतो. म्हणून निर्णायक तपासणी स्वरयंत्रदर्शन हीच होय. गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली आरशांच्या साहाय्याने स्वतःच्या स्वररज्जू पाहिल्या. आता नाकातून लवचिक दुर्बीण घालून पडद्यावर त्या पाहतात. यासाठी नाकात बधिरतेचे औषध पुरते, रुग्ण जागा असतो आणि काही मिनिटांत तपासणी आटोपते.

रुग्णाला ‘ई’ म्हणणे आणि नाकाने झटकन हुंगणे या क्रिया आलटून पालटून करायला सांगतात. ‘ई’ म्हणताना स्वररज्जू मिटाव्यात आणि हुंगताना दूर जाव्यात अशी अपेक्षा असते. पक्षाघात झालेली बाजू बहुधा मध्यरेषेपासून किंचित दूर स्थिर राहते आणि कालांतराने धनुष्यासारखी वाकलेली दिसते. येथे एक फसगत संभवते. निरोगी बाजू मिटताना मागील कूर्चेला धक्का देते आणि निश्चल बाजूही हलल्याचा भास होतो. तसेच रुग्ण जोर लावतो तेव्हा वरच्या बाजूचे कूट स्वररज्जू जवळ येऊन खऱ्या स्वररज्जू झाकतात. म्हणून ‘ई’पेक्षा हुंगण्याच्या क्षणाला अधिक महत्त्व द्यावे लागते. निश्चल बाजू त्या क्षणी बाहेर जात नाही. लुकलुकत्या प्रकाशाच्या स्ट्रोबोस्कोपी तपासणीत फटीचा आकार व दोन्ही बाजूंच्या पातळीतील फरक कळतो.

स्वररज्जू हलत नाही म्हणजे मज्जातंतूलाच इजा झाली, असे मात्र सिद्ध होत नाही. श्वासनलिकेत नळी घालताना स्वरयंत्रातील लहान सांधा निखळल्यासही हेच चित्र दिसते. शंका असल्यास स्नायूंत बारीक सुई घालून विद्युत्-आलेख घेतात. सांधा निखळला असल्यास हे संकेत प्रायः स्वाभाविक असतात. मज्जातंतूची इजा असल्यास ते बदलतात. इजेनंतर साधारण एक महिना ते सहा महिने या काळात ही तपासणी अधिक उपयुक्त ठरते.

ठसक्यासाठी वेगळी तपासणी लागते. दुर्बीण घशात ठेवूनच रंगीत पाणी, घट्ट पेय आणि मऊ अन्न क्रमाने गिळायला देतात आणि काय कोठे जाते ते पाहतात. पर्यायाने बेरियम मिसळलेले पेय देऊन चलत् क्ष-किरण चित्रण करतात.

उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून तपासणीचा क्रम स्पष्ट करण्यासाठी दिले आहे. बसवाहक असलेल्या ४४ वर्षांच्या एका महिलेच्या थायरॉइडचा डावा भाग गाठीमुळे काढला. तिसऱ्या आठवड्यातही प्रवाशांना तिचा आवाज ऐकू जात नाही. घोटभर पाणी प्यायल्यावर तिला ठसका लागतो, जेवण मात्र नीट होते. ‘आ’ हा स्वर ६ सेकंद टिकतो आणि प्रश्नावलीत २७ गुण येतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत दोन्ही स्वररज्जू हलत होत्या. आता हुंगताना उजवी बाहेर जाते व डावी जागीच राहते. ‘ई’ म्हणताना मधोमध फट दिसते. रंगीत पाण्याचा काही अंश श्वासमार्गात उतरतो, घट्ट पेय उतरत नाही. मान डावीकडे, म्हणजे दुबळ्या बाजूकडे, वळवून लहान घोट घेतल्यास पाणीही सुरक्षित जाते.

मज्जातंतू अखंड असल्याची नोंद टिपणात असल्याने हालचाल परतण्याची शक्यता आहे. परंतु तिला कामावर बोलणे भाग असल्यामुळे केवळ वाट पाहणे पुरेसे नाही. म्हणून डाव्या स्वररज्जूत काही महिन्यांत विरघळणारा हायलुरॉनिक आम्लाचा भराव सुईने घालतात. स्वररज्जू फुगून मध्यरेषेकडे सरकते आणि ‘आ’चा काळ १३ सेकंदांवर जातो. मज्जातंतू त्याने बरा होत नाही, फक्त फट बुजते. पाचव्या महिन्यातील तपासणीत डाव्या बाजूची हालचाल परतलेली दिसते. ती परतली नसती, तर साधारण वर्षभर थांबून कायमस्वरूपी उपायाचा विचार झाला असता. जपानी शल्यविशारद नोबुहिको इश्शिकी यांनी १९७४ साली मांडलेल्या पद्धतीत स्वरयंत्राच्या कूर्चेत खिडकी पाडून आधार बसवितात आणि स्वररज्जू मध्याकडे ढकलतात.

दोन्ही बाजूंचा पक्षाघात

संपूर्ण थायरॉइड काढताना दोन्ही मज्जातंतूंना इजा झाल्यास चित्र उलट दिसते. दोन्ही स्वररज्जू मध्यरेषेजवळ स्थिरावतात. फट अरुंद असल्याने आवाज बऱ्यापैकी चांगला राहतो, परंतु श्वासाची वाट बंद होऊ लागते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा कर्कश ध्वनी येणे हे त्याचे प्रमुख लक्षण आहे. अशा वेळी आवाज ठीक असल्याचे पाहून निश्चिंत राहणे घातक ठरते. मान झपाट्याने सुजणे, श्वासाला त्रास होणे, तसेच ठसक्यासोबत ताप व छातीत कफ होणे यांपैकी काहीही आढळल्यास नियोजित तपासणीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते.