भावात दडलेला नफा

शेअरबाजारात दोन पंथ आहेत, असे नेहमी सांगितले जाते. एक मूल्य पाहणाऱ्यांचा, दुसरा वाढ पाहणाऱ्यांचा. पहिला पंथ स्वस्त माल शोधतो, दुसरा वाढता माल. आणि पहिला वर्तमानाकडे पाहतो, तर दुसरा भविष्याकडे, अशीही एक समजूत रूढ आहे. ही समजूत मला अर्धवट वाटते. कोणत्याही कंपनीचा भाग विकत घेणारा मनुष्य तिच्या उद्याच्या नफ्याविषयी काहीतरी गृहीत धरतोच. काय गृहीत धरतो आणि ते किती उघडपणे, एवढाच खरा भेद आहे.

मूल्यपंथाचा आद्य पुरुष बेंजामिन ग्रॅहॅम. 1929 च्या अमेरिकन मंदीत त्याचे स्वतःचे हात चांगलेच पोळले होते. 1934 साली डेव्हिड डॉड याच्यासह त्याने रोख्यांच्या परीक्षणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या अनुभवाची भीती भरून राहिलेली आहे. कंपनीची रोकड, येणे आणि माल यांची बेरीज करावी, त्यातून सारी देणी वजा करावीत, आणि उरलेल्या रकमेच्या दोनतृतीयांश भावात भाग मिळत असेल तरच तो घ्यावा, हा त्याचा आवडता नियम. कारखाना व यंत्रे जणू फुकटच मिळाली!

वाढपंथाचा प्रमुख प्रवक्ता बाल्टिमोरचा टी. रो प्राइस. 1937 साली त्याने आपली पेढी काढली. त्याचे म्हणणे असे की, कंपनीलाही माणसाप्रमाणे बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य असते. तारुण्यातली कंपनी हेरावी आणि तिचा नफा वाढत आहे तोवर ती सोडू नये. अशा कंपनीला आजच्या नफ्याच्या मानाने भाव जास्त द्यावा लागला, तरी तो जास्त नसतो, कारण उद्याचा नफा मोठा असतो. हा युक्तिवाद मुळात बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की, किती जास्त?

या प्रश्नाचा हिशेब, गंमत अशी की, ग्रॅहॅमनेच मांडून दाखविला. 1962 च्या आवृत्तीत त्याने एक सोपे सूत्र दिले. ज्या कंपनीचा नफा मुळीच वाढणार नाही, तिच्या भागाला वार्षिक नफ्याच्या साडेआठ पट भाव द्यावा. आणि पुढील सात-दहा वर्षे अपेक्षित असलेल्या वार्षिक वाढीच्या प्रत्येक टक्क्यामागे आणखी दोन पटी द्याव्यात. पण सूत्राचा खरा उपयोग ते उलटे फिरविल्यावर होतो. 1963 च्या अखेरीस आयबीएमचा भाव नफ्याच्या साडेअडतीस पट होता. त्यातून साडेआठ वजा करा, उरलेल्या 30 ला दोनाने भागा. म्हणजे आयबीएमचा भाग घेणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, वर्षाला 15 टक्के वाढीवर पैसे लावीत होता. भाव हे बाजाराने मनातल्या मनात केलेले भाकीत असते. सूत्र ते मोठ्याने वाचून दाखविते.

आता 1972 कडे येऊ. अमेरिकेत त्या काळी सुमारे पन्नास नामांकित कंपन्यांच्या यादीला ‘निफ्टी फिफ्टी’ म्हणत. (मुंबईच्या आजच्या निर्देशांकाशी तिचे नामसाम्यच काय ते.) या कंपन्या इतक्या भक्कम की एकदा घ्याव्यात, कधी विकू नयेत, आणि भावाची चिकित्सा तर करूच नये, अशी मोठमोठ्या पेढ्यांची श्रद्धा होती. त्यांतली पोलरॉइड ही एक. एडविन लँड या विलक्षण संशोधकाची ही कंपनी झटपट छायाचित्रे देणारे कॅमेरे बनवी, आणि 1972 मध्येच तिचा नवा घडीचा कॅमेरा आला होता. बाजाराचा एकूण भाव नफ्याच्या 18-19 पट असताना पोलरॉइडचा नव्वदाहून अधिक पट होता.

या भावाने काय गृहीत धरले होते? ग्रॅहॅमच्या सूत्रापेक्षा पोलरॉइडला अधिक उदार असा हिशेब करून पाहू. समजा, नफा भागामागे 1 डॉलर आणि भाव 90 डॉलर. घेणाऱ्याला वर्षाला 10 टक्के सुटावेत, तर दहा वर्षांनी तो भाग सुमारे 233 डॉलरांना विकला गेला पाहिजे. तोवर कंपनी प्रौढ झालेली असणार, म्हणून तिला इतरांसारखाच 18 पट भाव येईल असे धरू. तेव्हा भागामागे नफा हवा जवळजवळ 13 डॉलर. म्हणजे दहा वर्षांत तेरापट. दरसाल 29 टक्के, एकही वर्ष न चुकता. लाभांश इतका अल्प होता की, तो सोडून दिला तरी चालेल.

त्याच्या शेजारी मूल्यपंथीयाची एक रुक्ष कल्पित कंपनी ठेवा. नफा भागामागे 10 डॉलर, भाव 80, म्हणजे आठ पट. निम्मा नफा लाभांश म्हणून वाटला जातो. दहा वर्षांत नफा एका कवडीनेही वाढला नाही, पण लोकांची नाराजी ओसरून भाव बारा पटींवर, 120 डॉलरांवर आला, तर लाभांश धरून वर्षाला साडेनऊ टक्के सुटतात. जवळजवळ तेच उत्पन्न! एकीकडे नफा तेरापट व्हावा लागतो, दुसरीकडे तो फक्त टिकावा लागतो.

पोलरॉइडचा नफा टिकलासुद्धा नाही. नव्या कॅमेऱ्याचा व फिल्मचा उत्पादनखर्च अपेक्षेबाहेर गेला आणि 1974 चा नफा 1972 पेक्षाही खाली आला. शिखरावर सुमारे 149 डॉलर असलेला भाग त्या वर्षी 14 पर्यंत घसरला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, घसरगुंडी दोन पायऱ्यांची असते: नफा घटतो आणि नफ्याची पटही घटते, आणि दोहोंचा गुणाकार होतो. 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

एवढ्यावरून वाढपंथाला निकालात काढणे मात्र अन्यायाचे होईल. 1998 साली अर्थशास्त्रज्ञ जेरेमी सीगल याने त्या यादीचा पंचवीस वर्षांचा हिशेब तपासला. 1972 च्या अखेरीस, चढ्या भावात, सारी यादी घेऊन ठेवणाऱ्याला बाजाराहून किंचितच कमी उत्पन्न मिळाले होते. कोकाकोलाला दिलेली सेहेचाळीस पट तर मागाहून स्वस्तच ठरली. मात्र ज्यांचे भाव सर्वांत चढे होते, त्यांनी एकंदरीत निराशा केली.

आणि ‘टिकावा लागतो’ या शब्दांतही फसगत आहे. वॉरन बफे हा ग्रॅहॅमचा शिष्य. 1962 पासून त्याने बर्कशायर हॅथवे या न्यू इंग्लंडमधील कापडगिरणीचे भाग घेतले, ते गुरूच्या नियमानुसार, खेळत्या भांडवलाहूनही कमी भावात. माल स्वस्त होता यात शंका नाही. पण गिरणीचा नफा स्थिर नव्हता. स्वस्त मजुरीच्या स्पर्धेपुढे तो आटत चालला होता, आणि नवी यंत्रे घेतली तरी प्रतिस्पर्धीही तीच घेत असल्याने फायदा गिऱ्हाइकाच्या पदरी पडे. वरच्या उदाहरणात नफा 10 चा 5 झाला, आणि आटत्या नफ्याला आठाहून जास्त पट कोणी देईना, तर 80 चा भाग 40 वर येतो. 1985 मध्ये बफेने कापडाचा धंदा बंदच केला. अशा वेळी ओळखण्याची खूण ताळेबंदात सहसा नसते. नफा राखण्यासाठीच दरवर्षी नवे भांडवल ओतावे लागते का, हे पाहिले म्हणजे ती सापडते.

ग्रॅहॅमच्या स्वतःच्या चोपडीत एक नोंद आहे, ती मला फार बोलकी वाटते. 1948 साली त्याच्या पेढीने गायको या मोटारविमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरांना घेतला. मालमत्तेच्या मानाने भाव वाजवी आहे, एवढ्याच हिशेबाने. कंपनी मध्यस्थ टाळून थेट विमा विकत असल्याने तिचा खर्च कमी, आणि ती वाढतच गेली. पुढे भाव ग्रॅहॅमच्या सर्व कसोट्यांच्या कितीतरी वर गेला, तरी त्याने ते भाग विकले नाहीत. या एकट्या खरेदीचा नफा वीस वर्षांतील बाकी साऱ्या व्यवहारांच्या एकत्रित नफ्याहून पुष्कळ अधिक भरला, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. त्याच गायकोचा भाग 1976 मध्ये, विम्याचे दर व दावे यांचा हिशेब चुकल्यामुळे, दोन डॉलरांवर आला. आणि तेव्हा तो घेणाऱ्यांत बफे होता.