फोनोग्राफ : मेणाच्या नळीवरील ध्वनिलेखन

टॉमस एडिसन यांनी 1877 साली कथिलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवला; पण तो पत्रा काही वेळा ऐकताच निकामी होई. 1880 नंतरच्या दशकात चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी आवाज मेणात कोरण्याची पद्धत शोधली. 1888 पासून एडिसन यांनीही भरीव मेणाच्या नळ्या वापरल्या. हे ‘मेण’ मधमाश्यांचे नसून मुख्यतः साबणासारखे धातुयुक्त संयुग असे.

या काळात आवाज वाढवणारे कोणतेही विद्युत साधन नव्हते. मेण कोरण्याची सगळी ताकद गायकाच्या किंवा वाद्याच्या आवाजातूनच यावी लागे, आणि या तंत्राच्या बहुतेक मर्यादा इथूनच निघतात. आवाज कर्ण्यातून एका पातळ पडद्यावर गोळा होई. पडदा थरथरला की त्याला जोडलेले नीलमण्याचे टोक फिरत्या नळीत कमी-अधिक खोल रुतत जाई. चर आडवा नागमोडी न होता उथळ-खोल होई. नळीच्या प्रत्येक फेऱ्यात टोक इंचाचा शंभरावा भाग पुढे सरके. मिनिटाला सुमारे 160 फेऱ्यांच्या वेगाने नळीवर साधारण दोन मिनिटांचे गाणे मावत असे.

मेण थंड असले तर टोकाखाली नीट कापले जात नसे आणि चर खरखरीत होई, म्हणून नळ्या आधी कोमट करून ठेवत. आवाज क्षीण असेल तर चर इतका उथळ पडे, की ऐकताना तो खरखरीत बुडून जाई. फार मोठा असेल तर पडदा खडखडे, कधी टोक मेणापासून उचलले जाऊन चर मध्येच तुटे. त्यामुळे गायक वरच्या पट्टीत जाताना कर्ण्यापासून मागे सरकत. व्हायोलिनचा नाजूक आवाज पकडणे कठीण असल्याने पुढे जॉन स्ट्रो यांनी लाकडी पेटीऐवजी पडदा आणि कर्णा असलेले व्हायोलिन बनवले. तबकड्यांच्या ध्वनिलेखनातही त्याचा वापर झाला.

2 डिसेंबर 1889 रोजी एडिसन यांचे प्रतिनिधी थिओ वांगेमान यांनी व्हिएन्नात योहानेस ब्राह्म्स यांचे पियानोवादन टिपले. ब्राह्म्स यांनी आपल्या पहिल्या हंगेरियन नृत्याचा काही भाग वाजवला. पियानोचे मंद्र सूर कर्ण्याने जवळपास गाळले आणि नळी पुनःपुन्हा ऐकल्यामुळे झिजली; मऊ मेणावर सुई फिरली की प्रत्येक वेळी चराचे काठ थोडे घासले जात. 1935 मध्ये तिची नक्कल तबकडीवर घेतली गेली, तोवर बरेचसे नुकसान होऊन चुकले होते. आज त्या नकलेत आरंभीचे बोलणे बऱ्यापैकी ऐकू येते. पियानोचा ठेका मात्र कान देऊन शोधावा लागतो.

झिजलेली नळी वरून तासून पुन्हा कोरी करता येई. घरी किंवा कचेरीत वापरणाऱ्यांना ही मोठी सोय होती, पण त्यात जुना आवाज कायमचा जाई. व्यापारासाठी गायकांना अनेक यंत्रांसमोर तेच गाणे पुनःपुन्हा म्हणावे लागे. 1902 पासून एडिसन कंपनीने साच्यात ओतलेल्या अधिक कठीण नळ्या विकायला आणल्यावर हा त्रास बराच कमी झाला.